निम्म्यावरचा सामू
(एका प्रयोग-पुस्तिकेची प्रस्तावना)

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षेला एक प्रश्न हमखास विचारतात: "या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलिनच का घेतलं?" विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर देतो: "सर, आम्ल दुर्बल आहे आणि अल्कली तीव्र आहे म्हणून." उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण परीक्षकांनी कोरा कागद पुढे सरकवून "याचा आलेख काढून दाखव" म्हटलं की पंचाईत होते. बहुतेक मुलं हायड्रोक्लोरिक आम्लाची वक्ररेषा काढतात, तिच्या मध्यावर 7 लिहितात आणि खाली अ‍ॅसेटिक आम्लाचं नाव घालतात. त्या रेषेकडे बघून फिनॉल्फ्थॅलिन का, हे सांगताच येत नाही, कारण तिथे मिथिल ऑरेंजही चाललं असतं. ही पुस्तिका ती एक वक्ररेषा हाताने काढण्यासाठी आणि काढल्यावर तिच्यातून काय काय वाचता येतं ते पाहण्यासाठी आहे. प्रस्तावनेत तिचा सांगाडा मांडतो; आकडेमोडीचे तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत.

उदाहरण व्हिनेगरचं घेतलं आहे. चंदगडच्या बाजारपेठेत किराणा दुकानात पांढऱ्या व्हिनेगरची बाटली सहज मिळते, तिच्यातलं मुख्य आम्ल एकच असतं, आणि लेबलावर आंबटपणाचा आकडा छापलेला असल्यामुळे आपलं उत्तर ताडून बघायला काहीतरी हाताशी राहतं. गोव्यातून येणारा माडाच्या सुरेचा शिरका चवीला कितीतरी सरस, पण तो रंगाने तपकिरी असतो आणि पहिल्या प्रयोगाला नको.

लेबलावर 4 टक्के असेल तर लिटरमागे 40 ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल झालं. रेणुभार 60, म्हणजे हे द्रावण साधारण 0.67 मोलर. 10 आणि 5 मिलीच्या पिपेटने मिळून 15 मिली व्हिनेगर घ्यायचा आणि प्रमाणित फ्लास्कमध्ये 100 मिलीपर्यंत पाणी घालायचं, की जवळजवळ नेमकं 0.1 मोलर द्रावण मिळतं. त्यातलं 25 मिली कोनिकल फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. लेबल खरं असेल तर 25 मिलीला हिशेब पुरा व्हायला हवा.

ब्युरेटमधल्या त्या 0.1 या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवायचा नाही. चंदगडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जुलैमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तराजूवरच्या कागदावर ठेवल्या की वजन लिहून होईपर्यंत घामेजतात. त्या हवेतलं पाणी ओढतात, कार्बन डायऑक्साइडही ओढतात, आणि तराजूवर दिसणारं वजन अल्कलीचं राहत नाही. म्हणून द्रावण अंदाजाने करायचं आणि ऑक्झॅलिक आम्लाशी त्याची खरी तीव्रता ठरवून घ्यायची. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक हवेत बदलत नाहीत, 1.576 ग्रॅम घेऊन 250 मिली द्रावण केलं की 0.05 मोलर होतं, आणि त्याचा प्रत्येक रेणू दोन प्रोटॉन देतो. ही पायरी टाळून काढलेली वक्ररेषा आकाराने सुबक येते, फक्त उजवीकडे किंवा डावीकडे सरकलेली असते, आणि नुसतं बघून ते कळत नाही.

आता रेषा काढू. आडव्या अक्षावर ब्युरेटचं वाचन मिलीमध्ये, उभ्या अक्षावर सामू. हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालातून शेतकऱ्याच्या घरात पोचलेलाच आहे. तोच इथे pH साठी वापरतो.

रेषा सुरू कुठून होते? 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू 1. अ‍ॅसेटिक आम्लाचे मात्र शंभरातले एक-दीडच रेणू प्रोटॉन सोडतात, बाकीचे अखंड राहतात. त्यामुळे सुरुवात 2.88 ला होते. पहिल्या काही मिलीत रेषा भराभर वर जाते: 2.5 मिली घातल्यावर सामू 3.8, म्हणजे जवळपास एक पूर्ण अंक वाढला. जर्नलमधल्या आलेखांत हा सुरुवातीचा उठाव बहुधा गायब असतो, कारण पुस्तकातल्या छोट्या चित्रात तो दिसत नाही आणि मुलं चित्रावरून चित्र काढतात. या उठावाचं कारण साधं आहे. सुरुवातीला द्रावणात अ‍ॅसिटेट जवळजवळ नसतंच. अल्कली पडली की ते तयार होतं, आणि थोडंसं तयार झालं तरी त्याचं आम्लाशी असलेलं गुणोत्तर शून्याजवळून एकदम एकास नऊवर येतं. सामू या गुणोत्तरावर चालतो:

pH = pKa + log([A⁻]/[HA])

इथे A⁻ म्हणजे तयार झालेलं अ‍ॅसिटेट, HA म्हणजे शिल्लक आम्ल, आणि अ‍ॅसेटिक आम्लाचा pKa 25 अंश तापमानाला 4.76. एकदा हे गुणोत्तर हातात आलं की आलेखाचा मधला सगळा भाग त्यातून निघतो. 5 मिलीला 5 वाटे अ‍ॅसिटेट आणि 20 वाटे आम्ल, सामू 4.16. 20 मिलीला उलट, 5.36. या पंधरा मिलीत सामू फक्त 1.2 ने वाढतो. रेषा जवळजवळ आडवी पडलेली असते. 24 मिलीला 6.14. इथून ती मान वर करू लागते.

25 मिलीच्या आसपास काय होतं ते थेंबाच्या हिशेबात बघावं लागतं. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा. शेवटचा थेंब पडायच्या आधी, 24.95 मिलीला, सामू 7.46. तो थेंब पडला की 8.73. आणखी एक पडला की 10.00. दोन थेंबांत अडीच अंक! जो सामू पंधरा मिलीत सव्वा अंक हलत नव्हता तो इथे डोळ्यांदेखत उडी घेतो. त्यापुढे द्रावणात नुसती जादा अल्कली साठत जाते आणि रेषा पुन्हा आडवी होते. 30 मिलीला 11.96. शेपूट 13 च्या वर नेऊ नये. ब्युरेटमधल्या द्रावणाचाच सामू 13 आहे.

25 मिलीचा बिंदू हा समतुल्य बिंदू. इथे आम्ल संपलं, अल्कलीही शिल्लक नाही, फ्लास्कमध्ये 0.05 मोलर सोडियम अ‍ॅसिटेट आहे. पण सामू 7 नाही. अ‍ॅसिटेट हे दुर्बल आम्लाचं अपत्य असल्यामुळे ते पाण्याकडून थोडे प्रोटॉन परत घेतं आणि हायड्रॉक्साइड मोकळं करतं, त्यामुळे 8.73. "उदासिनीकरण झालं म्हणजे सामू 7" हे वाक्य शाळेत शिकवलं जातं ते तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्यापुरतंच खरं, आणि इतकं पक्कं बसतं की ते काढायला पदवीची दोन वर्षं जातात.

आता निम्म्यावर येऊ. समतुल्य बिंदू 25 मिलीला, तर अर्ध-समतुल्य बिंदू 12.5 मिलीला. या क्षणी अर्ध्या आम्लाचं अ‍ॅसिटेट झालं, अर्धं आम्ल तसंच आहे. गुणोत्तर एक, एकचा लॉग शून्य, आणि सामू बरोबर pKa एवढा. निम्मं म्हणजे आकारमानाचं निम्मं, उंचीचं नव्हे. उभ्या अक्षावर 2.88 आणि 8.73 यांच्या मध्ये खूण करून तिथून pKa वाचणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, त्यांना 5.8 मिळतो आणि तो कोणत्या आम्लाचा हे शोधत ते तक्ते चाळत बसतात.

या बिंदूची खरी मजा अशी की त्याला तीव्रतेची फिकीर नाही. व्हिनेगर 4 टक्के असो की 3, पिपेटने थोडं कमी आलं असो की तुम्ही फ्लास्कमध्ये इलेक्ट्रोड बुडावा म्हणून 50 मिली पाणी वरून ओतलं असो, निम्म्यावरचा सामू जवळपास तोच राहतो, कारण वरचा आणि खालचा दोन्ही आकडे एकाच प्रमाणात विरळ होतात. अल्कलीची तीव्रता चुकली असली तरी समतुल्य बिंदू आणि त्याचं निम्मं दोन्ही एकत्रच सरकतात, त्यामुळे pKa ला धक्का लागत नाही. आम्ल किती आहे हे उभ्या उडीची जागा सांगते, आम्ल कोणतं आहे हे आडव्या पट्ट्याची उंची. एकाच रेषेतून ही दोन स्वतंत्र उत्तरं निघतात.

शिवाय निम्म्यावर रेषा सगळ्यात सपाट असते. 12 वरून 13 मिलीवर गेलं तरी सामू जेमतेम 0.07 ने वाढतो. बफर म्हणतात तो हाच. याचा व्यावहारिक फायदा असा की निम्मा बिंदू अर्धा मिली इकडेतिकडे चुकला तरी pKa दुसऱ्या दशांश स्थानावरच हलतो. पण त्यासाठी आधी समतुल्य बिंदू सापडलेला असायला हवा. तोवर निम्मं कशाचं काढणार? म्हणून वाचनं घेताना सगळीकडे एकेक मिली न घालता मधल्या पट्ट्यात दोन-दोन मिली घातले तरी चालतात, पण 24 मिलीपासून पुढे 0.1 मिलीने जावं, आणि तिथे मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. उडीजवळ काचेचा इलेक्ट्रोड मागे राहतो. घाईत घेतलेल्या वाचनांनी उडी उजवीकडे ढकलली जाते.

तुमच्या मीटरवर निम्म्याला 4.76 बहुधा येणार नाही, 4.7 च्या आसपास येईल. त्यावर "प्रायोगिक त्रुटी" असं लिहून मोकळं होऊ नये. पुस्तकातला 4.76 अतिशय विरळ द्रावणाचा आहे. आपल्या फ्लास्कमध्ये निम्म्यावर 0.033 मोलर सोडियम अ‍ॅसिटेट असतं, आयनांची आपसात ओढाताण असते, आणि अ‍ॅसिटेटचा प्रभावी वाटा प्रत्यक्षाहून थोडा कमी पडतो. हिशेब केला तर फरक सुमारे 0.07 चा निघतो, म्हणजे 4.69. मीटर 4.4 दाखवत असेल तर मात्र दोष कॅलिब्रेशनचा. 4 आणि 7 या दोन बफरांवर मीटर लावून घेतला होता का, आणि उडीच्या वरच्या भागासाठी 9.2 वर तपासला होता का, हे बघावं.

दर्शकाचा प्रश्न आता सोपा होतो, आणि गंमत म्हणजे तो याच निम्म्याच्या गणिताने सुटतो. दर्शक स्वतः एक दुर्बल आम्ल असतो. त्याचं आम्लरूप एका रंगाचं, प्रोटॉन गेल्यावरचं रूप दुसऱ्या रंगाचं. त्याच्या स्वतःच्या निम्म्यावर दोन्ही रंग समसमान असतात आणि त्याच्या एकेक अंक खाली-वर डोळ्याला एकच रंग दिसतो. त्यामुळे दर्शकाचा रंगबदल एका बिंदूला न होता सुमारे दोन अंकांच्या पट्ट्यात होतो. तो पट्टा आपल्या आलेखावर आडवा रंगवायचा आणि रेषा त्यातून कशी जाते ते बघायचं.

मिथिल ऑरेंजचा पट्टा 3.1 ते 4.4. आपली रेषा या पट्ट्यात अर्ध्या मिलीच्या आतच शिरते आणि 7.6 मिलीला बाहेर पडते. म्हणजे लालचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा असा बदल सात मिलीभर रेंगाळत राहतो, आणि पूर्ण पिवळा होतो तेव्हा सत्तर टक्के आम्ल अजून शिल्लक असतं. विद्यार्थी कुठेतरी 5-6 मिलीला थांबतो, व्हिनेगर एक टक्क्याचाही नाही असं उत्तर काढतो, आणि दुकानदारावर संशय घेतो. ही चूक ओळखायची खूण रंगाच्या वागण्यात आहे: ज्याचा रंग एका थेंबात बदलत नाही, थेंबाथेंबाने कलत जातो, तो दर्शक चुकीच्या जागी बसला आहे. तीन वेळा केलेली वाचनं 0.1 मिलीत जुळत नाहीत हीदेखील तीच खूण.

फिनॉल्फ्थॅलिन सामू 8.2 च्या पुढे गुलाबी होऊ लागतं. 8.2 ला रेषा 24.99 मिलीवर असते. समतुल्य बिंदूपासून हे अंतर थेंबाच्या पाचव्या हिश्शाएवढं. 10 चा वरचा टोकाचा सामूही पुढच्याच थेंबात येतो. अख्खा पट्टा उडीच्या आत बसला, म्हणून फिनॉल्फ्थॅलिन. हायड्रोक्लोरिक आम्लाची उडी दोन थेंबांत 4 पासून 10 पर्यंत असते, म्हणून तिथे मिथिल ऑरेंजनेही निभावतं. दुर्बल आम्लात खालचा भाग त्या मधल्या सपाट पट्ट्याने व्यापलेला असतो, उडीला वरचाच भाग उरतो.

आपल्या घरातली हळदही इथे चालते, हे मुलांना आवर्जून करून दाखवावं. चुन्यामुळे हळदीचं लाल कुंकू होतं ते याच रंगबदलामुळे. हळदीचा पिवळा रंग साडेसात-आठच्या पुढे लालसर होऊ लागतो, म्हणजे व्हिनेगरच्या उडीतच. उत्तर फिनॉल्फ्थॅलिनच्या बरोबरीने येतं. फक्त रंगहीनातून गुलाबी उमटलेलं डोळ्याला जितकं चटकन कळतं तितकं पिवळ्यातून तांबूस झालेलं कळत नाही, एवढीच तिची कमतरता.

गुलाबी रंग आला आणि मिनिटभराने गेला, यात घाबरण्यासारखं काही नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू पुन्हा 8.2 च्या खाली येतो. फ्लास्क हलवल्यावर अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग म्हणजे शेवट. रंग टिकावा म्हणून आणखी थेंब घालत गेलं की गडद गुलाबी द्रावण आणि फुगलेलं उत्तर मिळतं. समजा वाचन 24.2 मिली आलं, तर द्रावण 0.0968 मोलर, मूळ व्हिनेगर 0.645 मोलर, म्हणजे 3.9 टक्के. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत व्हिनेगरला किमान 3.75 टक्के आंबटपणा लागतो. बाटली पास झाली.

व्हिनेगरवर हात बसला की चंदगडच्या मुलांनी बोंडूकडे वळावं. एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या काजूच्या बागांत बी काढून घेतल्यावर बोंडं झाडाखाली पडून राहतात, त्यामुळे नमुन्याला तोटा नाही. पण इथे वर सांगितलेली एक गोष्ट लागू पडत नाही, आणि म्हणूनच हा प्रयोग पुस्तिकेच्या शेवटी ठेवला आहे.

बोंडूच्या रसातलं प्रमुख आम्ल मॅलिक. त्याच्या रेणूत दोन प्रोटॉन आहेत, त्यांचे pKa 3.40 आणि 5.11. दोन्हींत अंतर इतकं कमी की पहिला संपायच्या आतच दुसरा सुटू लागतो. आलेखावर दोन उड्या दिसत नाहीत, एकच दिसते, आणि ती दोन्ही प्रोटॉन संपल्यावर. विद्यार्थी त्या उडीचं निम्मं काढतो आणि सामू वाचतो 4.25. हा आकडा मॅलिकच्या कोणत्याच pKa चा नाही, दोन्हींची सरासरी आहे. सापळा पुढेच आहे: बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असतं हे त्याला माहीत असतं, तक्त्यात त्या आम्लाचा pKa 4.2 च्या जवळ सापडतो, आणि "रसातलं आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व" असा निष्कर्ष जर्नलमध्ये उतरतो.

हे पकडायला एक सोपी तपासणी आहे. आम्ल खरंच एकच आणि एका प्रोटॉनचं असेल तर पाव आकारमानाला गुणोत्तर एकास तीन असतं आणि पाऊण आकारमानाला तीनास एक. म्हणजे या दोन ठिकाणच्या सामूंत 0.95 चा फरक हवा. व्हिनेगरमध्ये 6.25 मिलीला 4.28 आणि 18.75 मिलीला 5.24 येतात, जुळलं. निव्वळ मॅलिक आम्लात त्याच ठिकाणी सुमारे 3.4 आणि 5.1 येतात, फरक 1.7. मधली रेषा सपाट न राहता तिरकी चढलेली दिसते. असं दिसलं की निम्म्यावरच्या सामूला pKa म्हणायचं नाही.

आंबटपणाचा एकूण आकडा मात्र बोंडूतही निघतो, कारण उडीची जागा शाबूत आहे. फक्त तिथे रंगावर भिस्त ठेवता येत नाही. रसातली टॅनिनं अल्कली पडताच तपकिरी होतात आणि त्या तपकिरीत फिनॉल्फ्थॅलिनची गुलाबी छटा बुडून जाते. म्हणून गाळलेला रस पाण्याने विरळ करून मीटर लावावा आणि सामू 8.1 ला थांबावं. मॅलिकचे दोन प्रोटॉन धरले की 0.1 मोलर अल्कलीच्या दर मिलीला 6.7 मिलिग्रॅम आम्ल, असा हिशेब. रस काढल्याबरोबर टायट्रेशन करावं. दुसऱ्या दिवसापर्यंत तो आंबायला लागतो, मग फुगे येतात, पुढे अ‍ॅसेटिक आम्लही त्यात मिसळतं, आणि उत्तर मॅलिकच्या नावाने लिहिता येत नाही.